लोणारच्या प्रकल्पाचा गोषवारा

तुझ्या प्रकल्प अहवालाचा गोषवारा लिहायला तू पाठवलेले फोटो मिळाले. अनुक्रमणिका आणि प्रकरणांची पहिली पानं, एवढ्याच भांडवलावर गोषवारा लिहिलाय. ४.३ चं शीर्षक तुझ्या अंगठ्याखाली गेलंय, ते धरलं नाही. पृष्ठक्रमांक बघितले तर तिसरं प्रकरण एकटंच २२ पानांचं, बाकीची आठ-दहाची, म्हणून सगळा भर पाण्यावर दिलाय.

गोषवारा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेल्या विवरातील खाऱ्या व अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सरोवराच्या पाण्याचे गुणधर्म आणि काठावरील मानवी व्यवहार यांचा संबंध तपासणे हा या प्रकल्पाचा उद्देश आहे. सुरुवातीच्या दोन प्रकरणांत विवराची निर्मिती, भूरचना व पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा आहे. तिसऱ्या प्रकरणात धार, रामगया व सीता न्हाणी या गोड्या पाण्याच्या झऱ्यांजवळील आणि काठावरील इतर ठिकाणच्या पाण्याच्या नमुन्यांचा सामू, क्षारता व विरघळलेला ऑक्सिजन यांची तुलना केली आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले होते. ती घटना व तिच्याशी संबंधित क्षारप्रिय सूक्ष्मजीव यांवर स्वतंत्र विभाग आहे. चौथ्या प्रकरणात सांडपाणी, वेड्या बाभळीचा फैलाव आणि कमळजा देवीच्या यात्रेतील गर्दी यांचा विचार केला असून पाचव्यात संवर्धनाच्या शिफारशी मांडल्या आहेत.

बीजशब्द : लोणार, उल्का विवर, क्षारता, रामसर स्थळ, संवर्धन

एकशेवीसच्या आसपास शब्द आहेत, सरांच्या दोनशेच्या मर्यादेत आरामात बसतात. सामू किती आला, क्षारता कुठे वाढली हे मुद्दाम लिहिलं नाही. शीर्षकात 'तुलना' दिसते, उत्तर दिसत नाही. अंदाजाने ठोकून द्यायचं तर गोषवारा एक सांगेल आणि तक्ता ३.२ दुसरंच. तुझे आकडे तुझ्याकडे आहेत, 'तुलना केली आहे' नंतर एका वाक्यात तूच घाल. पण एकच हं, आख्खा तक्ता ओतू नकोस.

आणखी एक. २.१ च्या शीर्षकात तू 'बावन्न हजार वर्षांपूर्वीचे विवर' असं ठामपणे लिहिलंयस. तो आकडा जुन्या मापनातला आहे. नंतर आर्गॉन पद्धतीने काढलेलं वय साधारण ५ लाख ७० हजार वर्षं येतं. म्हणून गोषवाऱ्यात वयच टाळलं. बाइंडिंगला द्यायच्या आधी शीर्षकातून तो आकडा काढ आणि आत दोन्ही मतं दे, नाहीतर तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न तिथूनच काढतील.