मामांना, गोळ्या बंद करण्याविषयी

मामा, नमस्कार.

मधुमेहाच्या गोळ्या सोड, त्याऐवजी कारल्याचा रस आणि हळद घे, हा काल ग्रुपवर तुम्ही टाकलेला मेसेज वाचला, खालचा व्हिडिओही पूर्ण पाहिला. तुम्ही काळजीपोटी लिहिलंत हे कळतं. उत्तर फक्त तुम्हाला लिहितेय, ग्रुपवर नाही. सगळ्यांसमोर झालं की आपल्या दोघांनाही माघार घेणं जड जाईल.

आधी स्पष्ट सांगते: गोळ्या बंद करणार नाही. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्याच्या तोंडावर, हे चालूच राहील.

तुम्ही म्हणालात, रिपोर्ट चांगला आला, आता गोळी कशाला. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ती ८.४ वरून ६.९ वर आली ती गोळ्या, चालणं आणि भात कमी केल्यामुळे. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या पानावर डाऊनी रोग दिसत नाही म्हणून तुम्ही फवारणी थांबवता का? दिसत नाही, कारण फवारणी वेळेवर झालेली असते. इथंही तेच.

तासगावच्या ज्या गृहस्थांनी गोळ्या सोडल्या, त्यांना बरं वाटतंय यावर माझा विश्वास आहे. काहींच्या गोळ्या खरोखर सुटतात: वजन बऱ्यापैकी उतरलेलं असतं आणि डॉक्टर दर काही महिन्यांनी तपासणी करत असतात. पण बरं वाटणं हा पुरावा नाही. साखर २०० च्या वर असली तरी पुष्कळांना काहीच जाणवत नाही. डोळ्याचा पडदा, किडनी आणि पायाच्या नसा मात्र हळूहळू खराब होत राहतात. त्यांना एवढंच विचारा की सोडल्यानंतर एचबीएवनसी केली का. केली नसेल तर करायला सांगा.

"गोळीनं किडनी जाते" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं, म्हणून थोडं सविस्तर. किडनी बिघडवते ती जास्त राहिलेली साखर आणि वाढलेलं ब्लड प्रेशर. मेटफॉर्मिन शरीराबाहेर किडनीवाटेच जातं, त्यामुळे आधीच कमजोर किडनी असेल तर डोस कमी करतात आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, ३० च्या खाली गेला तर बंद करतात. लोक यातलं अर्धंच ऐकतात. माझं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा तपासतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं हे खरं, तेही पाहतात. काळजी करायचीच तर त्याची करा.

कारल्याचा रस रोज कपभर, तोही उपाशीपोटी, हे मला नकोच. भाजीतलं कारलं खाते. पण ग्लिमेपिराइडबरोबर रिकाम्या पोटी रस घेतला तर साखर ७० च्या खाली घसरू शकते: हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मिरजेला स्कूटरवरून जाताना तसं झालं तर काय होईल? (तुमच्यासमोर कधी कुणाला झालंच, तर माणूस शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.)

हळदीचं सांगलीकरांना काय सांगायचं. आमटीत, दुधात घालतेच. पण हळदीतलं कर्क्युमिन वजनाच्या जेमतेम काही टक्के असतं, चमचाभर पुडीनं मधुमेह आटोक्यात येत नाही. आणि व्हिडिओतल्या त्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल तुम्हीही घेऊ नका. अशा कॅप्सूलनं काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद आहे, आणि तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तिच्यासोबत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

बेदाण्याचं ऐकून राग मानू नका. "नैसर्गिक गोड" असले तरी ३० ग्रॅम बेदाण्यात साधारण २० ग्रॅम साखर असते. गुळाचंही वेगळं नाही. मी चार-पाच दाणे खाते, मूठ नाही.

नोकरी सोडून गावी यायचं म्हणालात, तो विषय माझ्यापुरता संपलाय.

यापुढे माझ्या तब्येतीचं काही सुचलं तर मला फोन करा, ऐकून घेईन. ग्रुपवर मात्र नको. आजीही वाचते आणि तिनं परवाच आपली प्रेशरची गोळी घ्यावी की नको असं आईला विचारलं. तिला तुम्ही स्वतः सांगितलंत की गोळी चुकवू नको, तर ती तुमचंच ऐकेल. तेवढं आज करा.

रविवारी येताय ना? मळ्यातली मेथी आणा. बेदाण्याचा डबा या वेळी मामींकडेच राहू द्या.

तुमची भाची