वार्षिक अहवाल : शैक्षणिक वर्ष २०२४-२५

मा. अध्यक्ष आणि शाळा समितीचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

जून २०२४ मध्ये आपल्या शाळेचा पट १६२ होता. आदल्या वर्षी तो १८१ होता. वर्षभरात १४ मुले दाखला घेऊन गेली, ९ नवीन आली आणि एप्रिलअखेर पट १५७ वर आला. गेलेल्या १४ पैकी ८ मुलांचे आईवडील बांधकामावर मजुरी करतात. साइट संपली की कुटुंब आंबेगाव किंवा वाघोलीकडे जाते, मूलही जाते. तिघांना पालकांनी इंग्रजी माध्यमात घातले, तिघे गावी परतले. पहिलीत यंदा फक्त १८ प्रवेश झाले, ही माझ्या दृष्टीने सर्वांत काळजीची गोष्ट आहे. संचमान्यता पटावर होते. पट असाच घसरला तर एक पद जाईल.

आज ६ मंजूर पदांपैकी ५ भरलेली आहेत. मे २०२४ मध्ये एक बाई निवृत्त झाल्या, ती जागा अजून रिकामी आहे. त्यामुळे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसवावी लागली. ऑगस्टपासून दरमहा ८,००० रुपये मानधनावर एक ताई घेतल्या. त्या आल्या नसत्या तर पुढचा परिच्छेद मला लिहिता आला नसता.

जुलैमध्ये आम्ही तिसरी ते पाचवीच्या ७१ मुलांना एकेकटे बसवून वाचायला दिले. २९ मुलांना चार ओळींचा साधा उतारा वाचता आला नाही. जोडाक्षरे आली की मुले थांबत आणि अंदाजाने शब्द पुरा करत. आम्ही परिपाठानंतरचा पाऊण तास फक्त वाचनाला दिला, इयत्ता न पाहता मुलांचे पातळीनुसार गट केले आणि प्रत्येक गटाची नोंदवही ठेवली. एप्रिलमध्ये तोच उतारा न वाचू शकणारी मुले १२ उरली. त्यांतल्या ७ जणांची हजेरी ६० टक्क्यांच्या खाली आहे. ती शाळेत आली तर शिकतील, याबद्दल मला शंका नाही. उरलेल्या पाच जणांचे मात्र रोज येऊनही अडते. त्यांची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यायला हवी होती, ती यंदा राहिली. हा माझा हलगर्जीपणा आहे.

गणितात अशी प्रगती नाही. भागाकार पाचवीतही कच्चा आहे. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला ११ मुले बसली, ४ पात्र ठरली. गुणवत्ता यादीत कोणी नाही.

वर्ष सरळ गेले नाही. २५ जुलैला मुठेला पूर आला. आपल्या १७ मुलांच्या घरांत पाणी शिरले, दप्तरे भिजली. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत धुणीभांडी करणाऱ्या काही आयांची कामे कित्येक आठवडे बंद राहिली. सातवी पास झालेल्या मुलांनी घरोघर जाऊन जुनी पुस्तके गोळा करून दिली. पुढे जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण आढळू लागले आणि पालक धास्तावले. वर्षाची सरासरी हजेरी ८३ टक्के आहे, पण जानेवारी-फेब्रुवारीत ती ७१ वर आली होती. आपण पाण्याची टाकी धुऊन घेतली, नवा फिल्टर बसवला आणि मुलांना घरून उकळलेले पाणी आणायला सांगितले.

हिशेब असा : मागील शिल्लक ३८,४००, संस्थेकडून ६०,०००, माजी विद्यार्थ्यांकडून १,१२,००० आणि वेतनेतर अनुदान ४१,३००, एकूण जमा २,५१,७०० रुपये. खर्च : दोन वर्गांच्या छपराची दुरुस्ती ९४,०००, टाकी व फिल्टर ३१,५००, वीज ४६,८००, पुस्तके व साहित्य २७,२००, नऊ महिन्यांचे मानधन ७२,०००, एकूण २,७१,५०० रुपये. तूट १९,८०० रुपयांची आहे आणि तेवढे छपराच्या कंत्राटदाराचे देणे आहे. छपराचा अंदाज ७०,००० चा होता. पत्रे काढल्यावर खालचे वासे कुजलेले निघाले. वाढीव खर्चाला मी समितीची लेखी मंजुरी घेतली नाही, कारण पाऊस तोंडावर होता. ती मंजुरी आज द्यावी, ही विनंती.

मुलींचे स्वच्छतागृह अजून एकच आहे, ८० मुलींसाठी. सहावी-सातवीच्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे बाईंनी मला सांगितले तेव्हा फार वाईट वाटले. छपराऐवजी आधी हे काम घ्यायला हवे होते का, असा प्रश्न मला अजून पडतो. पुढील वर्षी पहिला खर्च यावर व्हावा. दुसरी मागणी ताईंचे मानधन चालू ठेवण्याची. दोन्हींसाठी पैसे पुरणार नसतील तर वार्षिक स्नेहसंमेलन पुढील वर्षी मंडप न घालता शाळेच्या पटांगणात करू.

सातवीतून २१ मुले बाहेर पडली. २० जणांनी आठवीत प्रवेश घेतला, त्याच्या पावत्या मी पाहिल्या आहेत. एक मुलगी मार्चमध्ये कुटुंबाबरोबर गावी गेली. तिचा दाखला अजून आपल्याकडेच आहे आणि घरचा फोन लागत नाही. गावच्या शाळेला पत्र पाठवले आहे. उत्तर आले की समितीला कळवीन.

आपली विश्वासू,
मुख्याध्यापिका
पुणे, जून २०२५