ठिबक शिकूया : उचगाव शिवार, २० गुंठे मिरची

```
विहीर → पंप → फिल्टर → मेन → व्हॉल्व्ह → सबमेन
                                        ├─●─●─●─ टोपी
                                        └─●─●─●─ टोपी
                                    (● ड्रिपर, ४० सें.मी.वर)
```

मंडळी, ठिबक बिघडतं ते बहुतेक फिल्टरपाशीच.

☐ रोज : फिल्टरची जाळी धुवा. फाटकी जाळी एक दिवसही चालवू नका.
☐ आठवड्याला : नळीच्या टोप्या काढून पाणी सोडा. आधी तांबूस गाळ येईल. स्वच्छ धार येईपर्यंत थांबा.
☐ पंधरवड्याला : ताशी २ लिटरच्या ड्रिपरखाली लिटरची बाटली ठेवा. अर्ध्या तासात भरली पाहिजे. शेवटच्या ओळीतलाच ड्रिपर घ्या, खरी परीक्षा तिथेच.
☐ उंदरांनी कुरतडलेली नळी कापून जोडा.

हिशेब (८ दिवसांचा)
पाटपाणी : २,००० चौ.मी. × ५० मि.मी. = १,००,००० लिटर
ठिबक : ३,३०० ड्रिपर × २ लिटर × रोज १ तास × ८ = ५२,८०० लिटर
वाचलं : ४७,२०० लिटर

कर्नाटकात शेतपंपाला १० एचपीपर्यंत वीज मोफत, म्हणून पैसा वाचतो तो मजुरीत. दारं धरायला गडी ५०० रुपये, १५ पाळ्या = ७,५००. दुरुस्तीचे १,५०० वजा केले, तर हंगामाला ६,००० हातात. संचाची किंमत यात धरलेली नाही. उन्हाळ्यात मात्र एक तास पुरत नाही. मुळाशी माती मुठीत दाबून बघा, गोळा फुटला तर वेळ वाढवा.