वऱ्हाड खरंच वऱ्हाडातून येतंय!

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

आमच्या येथे श्रीकृपेकरून, दोन्हीकडच्या आज्यांच्या नवसाने आणि गेल्या वर्षभरातल्या असंख्य व्हिडिओ कॉल्सच्या पुण्याईने वाईची सायली आणि अमरावतीचा निखिल यांचं लग्न ठरलंय हो! पहिली अक्षत ढोल्या गणपतीला देऊन झाली, आता दुसरी तुम्हाला.

रविवार, 7 फेब्रुवारी 2027. गोरज मुहूर्त, संध्याकाळी 6 वाजून 31 मिनिटांनी. सायलीच्या आजीच्या घरचं अंगण, गणपती आळी, वाई.

हॉल घेतलेला नाही, कारण याच अंगणात तुळशीसमोर सायलीच्या आईचंही लग्न लागलं होतं आणि आजीने तेव्हाच सांगून ठेवलं होतं की पुढचा अंतरपाट इथेच धरायचा. माणसं दोन्हीकडची मिळून साधारण सव्वाशे, म्हणजे कोण आलं आणि कोण नाही हे आजीला पहिल्या फेरीतच कळणार आहे, तेव्हा नक्की या.

शुक्रवारी 5 तारखेला साताऱ्यात रजिस्टर सही आहे. 30 दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार असं सगळं सरकारी पद्धतीने, त्याला घरचीच मंडळी असतील. शनिवारी सकाळी 10 वाजता हळद. निखिलचं वऱ्हाड तोवर पोचलेलं असेल, त्यामुळे उरलेली हळद कोणाच्या गालाला लागेल सांगता येत नाही, जुने कपडे घालून या.

लग्न ज्ञान प्रबोधिनीच्या पोथीप्रमाणे लागेल, एक पुरोहित ताई येणार आहेत आणि प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगणार आहेत. आम्ही दोघांनी बसून ठरवलं की ज्याचा अर्थ आम्हाला कळतो आणि मनापासून पटतो ते सगळं करायचं, म्हणून कन्यादान नाही, त्याऐवजी चारही आई-बाबा एकत्र उभे राहून आशीर्वाद देतील. मुंडावळ्या आहेत, अंतरपाट आहे, मंगलाष्टका दोन्ही आत्या म्हणणार आहेत (चाली वेगवेगळ्या आहेत, प्रॅक्टिस चालू आहे). सप्तपदी मात्र अगदी सावकाश होणार. अन्नासाठी पहिलं पाऊल, मग बळ, मग समृद्धी असं करत सातव्या पावलाला "सखा" म्हणायचं, मैत्रीचं पाऊल, आम्हाला दोघांनाही सगळ्यात जास्त तेच आवडतं, तेव्हा त्या दोन मिनिटांत मोबाईल खिशात ठेवा ना प्लीज. कानपिळीला सायलीचा भाऊ आत्तापासून बोटं मोडत बसलाय, निखिलने कान तयार ठेवलेत.

अक्षता पायदळी जाऊ नयेत म्हणून चिमूटभर अक्षता देवापुढे आणि तुमच्या हातात झेंडूच्या पाकळ्या. "सावधान" म्हटल्यावरच टाका, मागच्या रांगेतली पोरं पहिल्या कडव्यालाच संपवतात!

मग पंगत. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा हे वाईकडून, रोडगे आणि वांग्याची भाजी अमरावतीकडून, आणि शेवटी पाचगणीची स्ट्रॉबेरी. आग्रह करायची जबाबदारी दोन्ही मामांनी घेतलीये, त्यामुळे दुपारी हलकंच जेवा.

उखाण्याशिवाय घास मिळणार नाही म्हणतात म्हणून तयारी करून ठेवलीये.

सायली:
ढोल्या गणपतीला वाहते दुर्वांची जुडी,
निखिलच्या साथीनं उभारते संसाराची गुढी.

निखिल:
मसालेभातावर तुपाची धार अन् ओलं खोबरं,
सायली शेजारी असली की सगळं वाटते बरं.

येणार कसे? पुण्याहून खंबाटकी घाट संपला की सुरूर फाट्याला उजवीकडे वळा, स्वारगेटहून एसटी पण आहे. पसरणी घाट चढायला लागलात तर वाई मागे राहिली, माघारी फिरा, पाचगणी दुसऱ्या दिवशी बघा. आळीत पार्किंग नाही, गाडी नदीपलीकडे लावून पुलावरून चालत या, तेवढीच संध्याकाळची कृष्णामाई भेटेल. शाल बरोबर असू दे, फेब्रुवारीत रात्री गार वारा सुटतो.

आहेर, पाकिटं, बुके काही आणू नका, खरंच नको. आणायचंच असेल तर एक छान उखाणा आणि तुमच्या घरचा एखादा जुना फोटो आणा, आईबाबांच्या लग्नाचा असेल तर फारच भारी, ओटीवरच्या भिंतीवर दोरी बांधून सगळे लावणार आहोत.

किती जण येताय आणि मुक्काम आहे का ते ज्या नंबरवरून ही पत्रिका आली त्याच नंबरवर 20 जानेवारीपर्यंत कळवा, शेजारच्या तीन घरांनी खोल्या आणि गाद्या काढून ठेवल्यात. घरी येऊन आमंत्रण द्यायला जमलं नाही तर रागावू नका, हेच आग्रहाचं निमंत्रण समजून सहकुटुंब सहपरिवार या.

तुमचेच,
सायली आणि निखिल
दोन्ही घरचे आजी-आजोबा, आई-बाबा, काका-काकू, मामा-मामी आणि आत्या

आमच्या सायलीमावशीच्या आणि निखिलकाकाच्या लग्नाला लवकल लवकल यायचं हं!
ओवी (वय 4) आणि ईशान (वय 6, त्याला र म्हणता येतो)