जोखीम नोंदवही आणि कामाच्या कक्षेची नोंद: ईआरपी, जिनिंग-प्रेसिंग, पांढरकवडा

नोंद ६, शुक्रवार १२ सप्टेंबर. सिस्टीम सुरू: १३ ऑक्टोबर. कापूस आला की कोणालाच वेळ नसतो, त्यामुळे ही तारीख हलणार नाही.

गुण = शक्यता × परिणाम, दोन्ही ५ पैकी. १५ किंवा जास्त आले तर शेठजींना त्याच दिवशी फोन.

जो-१. काट्याचं वजन चुकीचं चढणं. ४ × ५ = २०
मंगळवारी सरकीच्या ट्रकवर चाचणी घेतली. १८६.४० क्विंटल दोनदा चढलं. पावती फाडताना काटाबाबूंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. हंगामात रांग गेटबाहेर गेली की कोण बघणार? उपाय: वजन स्थिर झाल्याशिवाय नोंद नको, आणि भरलेली व रिकामी गाडी एकाच पावती क्रमांकावर. जबाबदारी काटाबाबू आणि वेंडरची. २६ सप्टेंबरपर्यंत जमलं नाही तर वजन हाताने टाकायचं, छापील पावती जोडून.
इशारा: दिवसात दोन पावत्या रद्द झाल्या तरी पुरे.

जो-२. एकच शेतकरी तीन नावांनी. ४ × ३ = १२
जुन्या वहीत आडनाव कधी आधी, कधी नंतर. चुकारा दोनदा जाऊ शकतो. खातं बँक खाते क्रमांकावरून जुळवायचं, नावावरून नाही. जबाबदारी मुनीमजींची.
इशारा: रोज ठरलेल्या साठ खात्यांपैकी चाळिसाच्या आत तपासणी.

जो-३. वीज आणि नेट. ३ × ३ = ९
काट्याच्या खोलीला इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचं सिम. बास.

जो-४. कामाचा पसारा वाढणं. ४ × ४ = १६
ठरलेलं काम: खरेदी, काटा, रुई-सरकी-गाठींचा साठा, विक्री, हिशेब. कच्च्या कापसावरचा रिव्हर्स चार्ज जीएसटी त्यातच येतो. हजेरी, हमालांची मजुरी, शेतकऱ्यांसाठी मोबाईल अ‍ॅप यातलं काही नाही.

बदलांसाठी ४० मनुष्यदिवस होते, २७ गेले. त्यातले ९ दिवस कुठे गेले ते कागदावर सापडतच नाही. गाठीच्या लेबलवर ओलावा छापायचा, असं व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी लिहिलं, वेंडरच्या पोराने "हो दादा" म्हटलं, आणि साठ्याचा स्क्रीन फिरला. चूक पोराची नाही, आपण रस्ता बांधला नव्हता.

आजपासून मागणी फक्त कागदावर: काय हवं, न मिळाल्यास कुठलं काम अडेल, किती दिवस, आणि बदल्यात यादीतून काय काढायचं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर कागद परत. निर्णय शुक्रवारी, शेठजींच्या सहीने. शेठजींची स्वतःची मागणीही याच कागदावर. कायद्याने लागणारी गोष्ट तेवढी थांबणार नाही. १९ सप्टेंबरनंतर नवं काही नाही, हंगाम संपल्यावर बघू.

इशारे: "एवढंच तर आहे" हे वाक्य आठवड्यात तिसऱ्यांदा ऐकू येणं. मंजूर झालेला स्क्रीन पुन्हा उघडणं. चाचणीला मुनीमजींऐवजी नवा पोरगा येणं. आणि सगळ्यात मोठा: सिस्टीमशेजारी लाल वही पुन्हा दिसणं. काल ती काट्याच्या टेबलावर होती. मुनीमजींशी सोमवारी बसून विचारायचं, स्क्रीनवर त्यांना काय सापडत नाहीये.

जे घडून गेलं ते जोखीम राहत नाही. दोनदा चढलेलं वजन आजच समस्या वहीत घेतलं, क्रमांक ११.