वैयक्तिक योगदानाचे निवेदन : रंकाळ्याच्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन

बी.एस्सी. भाग 2, रसायनशास्त्र, कोल्हापूर
गट 4, रोल नंबर 27

आमच्या चौघांच्या अहवालात नमुने घेणे, जागेवरच ऑक्सिजन पक्का करणे आणि ‘कार्यपद्धती’ हा भाग लिहिणे ही कामे माझी.

रंकाळ्यावर दोन ठिकाणी, उघड्या पाण्यात आणि जलपर्णीच्या कडेला, मी 300 मिलीच्या बाटल्या पाण्याखालीच भरून बुच लावले. आत बुडबुडा राहिला तर हवेतला ऑक्सिजन मिसळून आकडा फुगतो, म्हणून प्रत्येक बाटली उलटी करून पाहिली. मॅंगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड काठावरच घातले. प्रयोगशाळेपर्यंत थांबलो असतो, तर वाटेत सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन वापरला असता. माझ्या मते सगळ्या प्रयोगाचा भरवसा याच टप्प्यावर आहे.

थायोसल्फेटचे टायट्रेशन रोल नंबर 31 ने केले. मी शेजारी बसून ब्युरेटची वाचने नोंदवली. रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च घालायचा, हा आग्रह तिचा होता आणि त्यामुळेच वाचने एकमेकांशी जुळली. त्याचे श्रेय तिलाच द्यावे. आकडेमोड व आलेख रोल नंबर 19 चे. निष्कर्ष रोल नंबर 40 ने लिहिले. जलपर्णीखाली ऑक्सिजन कमी का, यावर चर्चा चौघांनी केली. पानांमुळे अडणाऱ्या उजेडाचा मुद्दा मी मांडला होता.

हे निवेदन गटातील इतर तिघांनी वाचले असून त्यांना ते मान्य आहे.