विषय : संपादक देशपांडे मॅडमशी ओळख करून देण्याबाबत विनंती

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

मी मृणाल, २०१६ च्या एम.ए. मराठीच्या वर्गातली. व्याकरणाचा पेपर आपण शिकवत होतात आणि माझा लघुप्रबंधही आपल्याच मार्गदर्शनाखाली झाला होता. मधली काही वर्षे मी एका मासिकाच्या संपादन विभागात नोकरी केली. गेल्या वर्षापासून मात्र घरूनच मुद्रितशोधनाची आणि संपादनसाहाय्याची कामे घेते आहे.

आपल्या निबंधसंग्रहाचे संपादन ज्या देशपांडे मॅडमनी केले, त्या त्यांच्या प्रकाशनसंस्थेत बाहेरच्या मुद्रितशोधकांना कामे देतात, असे समजले. आपली हरकत नसेल, तर त्यांच्याशी माझी ओळख करून द्याल का? माझे काम चांगलेच आहे अशी हमी आपण द्यावी, अशी अपेक्षा नाही. मी आपली विद्यार्थिनी आहे आणि हे काम करते, एवढे कळवलेत तरी पुरे. पुढचे काम पाहूनच त्यांनी ठरवावे, आणि नमुन्यादाखल एखादा फर्मा तपासून देण्याची माझी तयारी आहे.

सध्या माझ्याकडे मुख्यतः जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांचे काम येते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार गळतात, ‘मार्ग’चे ‘माग’ आणि ‘कार्य’चे ‘काय’ होते, आणि हे दोन्ही शब्द मराठीत असल्यामुळे संगणकाची शुद्धलेखन-तपासणी ते बिनदिक्कत पुढे जाऊ देते. अशा ठिकाणी मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहण्याला पर्याय नसतो. काम वेळखाऊ आहे, पण मला त्याचा कंटाळा येत नाही (आपल्या तासाला संधी सोडवून घेण्याची सवय लागली, ती अशी उपयोगी पडते आहे). मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार लेखन तपासणे, तळटीपा व संदर्भसूचीत एकवाक्यता आणणे आणि शब्दसूची तयार करणे हीही कामे मी करते.

आपल्याला मॅडमना पाठवणे सोपे जावे म्हणून चार ओळींचा परिचय आणि तपासलेल्या दोन प्रकरणांची, लेखकांच्या परवानगीने घेतलेली, पाने सोबत जोडली आहेत. श्रावणापासून दिवाळी अंकांची घाई सुरू होते आणि मग नव्या माणसाकडे पाहायला संपादकांना सवड नसते, म्हणून शक्य झाल्यास या महिन्यात कळवता आले तर बरे होईल. आपण आधी त्यांना विचारून मगच माझा क्रमांक दिलात तर अधिक योग्य ठरेल, असे वाटते. काही कारणाने हे आपल्याला सोयीचे नसेल, तर निःसंकोच तसे सांगावे.

काकूंना माझा नमस्कार सांगावा.

आपली विद्यार्थिनी,
मृणाल